टीसी आधी चढतो आणि मग उतरतो, असं का? La2-xSrxCuO4 च्या दोन पेलेटवरून

प्रश्न: La2-xSrxCuO4 ची दोन सॅम्पल केली, एक x = 0.10 आणि एक x = 0.22. दोन्हीचा टीसी, म्हणजे ज्या तापमानाखाली मटेरिअल सुपरकंडक्टर होतं तो आकडा, 27 केल्विनच्या आसपास आला. होल दुपटीपेक्षा जास्त झाले तरी टीसी तोच कसा? आणि होल म्हणजे कॅरिअरच ना, मग जास्त घातले तर टीसी वाढतच का जात नाही?

उत्तर:

टीसीचा आकडा सारखा आला असला तरी ही दोन मटेरिअल आतून फार वेगळी आहेत. x = 0.10 मध्ये टीसी कमी आहे कारण जोड्या बनवायची ताकद भरपूर आहे पण त्या जोड्यांना एका सुरात आणायला पुरेसे कॅरिअर नाहीत, आणि x = 0.22 मध्ये कॅरिअर मुबलक आहेत पण जोडी बांधणारी ताकदच ओसरत चालली आहे. x वाढवत नेला की टीसीचा वक्र घुमटासारखा चढतो आणि उतरतो, त्याला डोम म्हणतात, आणि हा डोम म्हणजे या दोन मर्यादांच्या मधली जागा. आता हे नीट उलगडून सांगतो, आणि नंतर तुमच्या पेलेटबद्दल बोलतो, कारण x जेवढा वजन करून घातला तेवढेच होल आत गेले असं गृहीत धरणं हीच या कामातली सगळ्यात मोठी अडचण आहे.

आधी हिशोब. La2CuO4 मध्ये लँथेनम +3, ऑक्सिजन -2, म्हणजे कॉपर +2. यात लँथेनमच्या जागी स्ट्रॉन्शिअम (+2) बसवला की दर स्ट्रॉन्शिअममागे एक इलेक्ट्रॉन कमी पडतो आणि ती कमतरता म्हणजेच CuO2 च्या थरात आलेला एक होल. त्यामुळे दर कॉपरमागचे होल, ज्याला आपण p म्हणतो, ते ऑक्सिजन पूर्ण चार असेल तर x एवढेच. स्ट्रॉन्शिअम स्वतः थराच्या बाहेर बसतो, करंट त्याच्यातून जात नाही, तो फक्त चार्ज पुरवतो, आणि ही थरांची रचना हाच या मटेरिअलचा मोठा फायदा आहे कारण करंट वाहणारा थर फारसा न बिघडवता कॅरिअर बदलता येतात. बेडनॉर्झ आणि म्यूलर यांनी 1986 मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या लॅबमध्ये स्ट्रॉन्शिअमऐवजी बेरिअम वापरून असंच मटेरिअल केलं, 30 केल्विनच्या वर रेझिस्टन्स कोसळताना दिसला आणि पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं.

आता x = 0 कडे बघा, कारण सगळी गंमत तिथून सुरू होते. प्रत्येक कॉपरवर एक अनपेअर्ड इलेक्ट्रॉन आहे, म्हणजे बँड बरोबर अर्धा भरलेला, म्हणजे पुस्तकातल्या बँड थिअरीप्रमाणे हा उत्तम मेटल असायला हवा. प्रत्यक्षात तो इन्सुलेटर आहे. एका कॉपरवर दुसरा इलेक्ट्रॉन बसवायला इतकी जास्त एनर्जी लागते की कुणीच जागचं हलत नाही, याला मॉट इन्सुलेटर म्हणतात (बारकाईने बोलायचं तर क्युप्रेटमध्ये, म्हणजे अशा CuO2 थरांच्या मटेरिअलमध्ये, ऑक्सिजनची लेव्हल मध्ये येते म्हणून चार्ज ट्रान्स्फर इन्सुलेटर, गॅप साधारण 2 eV). इलेक्ट्रॉन हलले नाहीत तरी त्यांचे स्पिन एकमेकांशी बोलतात, शेजारचा वर तर हा खाली, आणि ही ओढ चांगलीच जबरदस्त आहे, तापमानात मांडली तर 1500 केल्विनच्या घरात. पूर्ण स्फटिकाची अँटिफेरोमॅग्नेटिक ऑर्डर मात्र 325 केल्विनच्या आसपास लागते कारण थराथरांमधलं कपलिंग फार कमी आहे. पुढे जोड्या कशामुळे बनतात याचं सर्वमान्य उत्तर आजही नाही, पण स्पिनची ही ओढच त्यामागे आहे असं मानणारे खूप लोक आहेत आणि मीही त्यातलाच आहे.

यात एक होल आला की काय होतं? होल मुख्यतः ऑक्सिजनवर बसतो, मधल्या कॉपरच्या स्पिनशी जुळून एक सिंगलेट बनवतो (झांग आणि राइस यांनी 1988 मध्ये मांडलेलं चित्र), आणि हा सिंगलेट एका कॉपरवरून दुसऱ्यावर सरकत जातो. लहानपणी आपण चौकटीत आकडे सरकवायचं कोडं खेळायचो ना, पंधरा फरशा आणि एक रिकामी जागा, तसंच हे आहे: रिकामी जागा सरकली की फरशा जागा बदलतात आणि आधी नीट लावलेला क्रम विस्कटतो. इथे विस्कटतो तो वर-खाली स्पिनचा क्रम. म्हणून अगदी थोडे होल, x = 0.02 च्या आसपास, घातले तरी लांब पल्ल्याची अँटिफेरोमॅग्नेटिक ऑर्डर मरते. मग 0.02 पासून 0.05 पर्यंत ना धड मॅग्नेट ना सुपरकंडक्टर, स्पिन गोठलेले, होल अडकलेले. साधारण 0.055 नंतर टीसी दिसायला लागतो, 0.15 ते 0.16 ला 38 केल्विन गाठतो, आणि 0.27 च्या आसपास संपतो, पुढे नुसता मेटल उरतो. याला प्रेसलंड, टॅलन आणि मंडळींनी 1991 मध्ये एक साधा पॅराबोला बसवला, तो सगळे वापरतात:

Tc = Tc,max × [1 − 82.6 × (p − 0.16)²]

तुमचे आकडे यात घाला. p = 0.10 असेल तर 0.16 पासूनचं अंतर 0.06, वर्ग 0.0036, गुणिले 82.6 म्हणजे 0.297, म्हणजे 38 चे सुमारे 70 टक्के, 26.7 केल्विन. p = 0.22 ला अंतर परत 0.06 च, म्हणून उत्तर परत 26.7. तेव्हा तुमची दोन्ही सॅम्पल शिखरापासून दोन बाजूंना सारख्या अंतरावर उभी आहेत आणि तुम्हाला जे आलं ते यायलाच हवं होतं. फक्त एवढं लक्षात ठेवा की हा पॅराबोला अनुभवातून बसवलेला आहे, कुठल्या थिअरीतून निघालेला नाही, त्यामुळे "का" याचं उत्तर त्यात शोधायला जाऊ नका.

"का" चं उत्तर डावीकडून. सुपरकंडक्टर व्हायला दोन गोष्टी लागतात, इलेक्ट्रॉनच्या जोड्या बनणं आणि त्या सगळ्या जोड्यांचा फेज एकमेकांशी जुळणं. लेड किंवा निओबिअमसारख्या नेहमीच्या मेटलमध्ये कॅरिअर इतके असतात की जोडी बनली की फेज आपोआप जुळतो, दोन्ही एकाच तापमानाला घडतं, म्हणून आपल्याला हा फरक कधी जाणवतच नाही. अंडरडोप्ड, म्हणजे शिखराच्या डावीकडच्या, क्युप्रेटमध्ये हे सुटं होतं. तिथे फिरणारे कॅरिअर दर कॉपरमागे 1 + p नसून फक्त p आहेत (बाकीचे मॉटच्या कारणाने जागेवर बांधलेले), म्हणजे x = 0.10 मध्ये दहा कॉपरमागे एकच. सुपरफ्लुइड डेन्सिटी कमी, म्हणजे फेज धरून ठेवायचा ताठरपणा कमी, म्हणजे थोडं तापमान वाढलं की फेज डळमळतो आणि सुपरकंडक्टिव्हिटी जाते, जोडीची ताकद शिल्लक असली तरी. उएमुरा यांनी 1989 मध्ये म्यूऑन वापरून दाखवलं की अंडरडोप्ड बाजूला टीसी सरळसरळ सुपरफ्लुइड डेन्सिटीच्या प्रमाणात वाढतो, आणि एमरी आणि किव्हेल्सन यांनी 1995 मध्ये त्याचा अर्थ फेजच्या भाषेत लावला. दुसरा पुरावा असा की डोपिंग कमी करत गेलं तर टीसी घसरतो पण फोटोएमिशन आणि टनेलिंगमध्ये दिसणारा गॅप उलट मोठा होत जातो. टीसी गॅपवर ठरत असता तर असं झालं नसतं. ओंग यांच्या ग्रुपने 2000 मध्ये याच La2-xSrxCuO4 मध्ये, ज्याला थोडक्यात LSCO म्हणतात, टीसीच्या बऱ्याच वरपर्यंत नर्न्स्ट सिग्नल मोजला, म्हणजे व्होर्टेक्ससारखं काहीतरी तिथे आधीच फिरतंय असा त्यांचा अर्थ. तो किती वरपर्यंत खरा सुपरकंडक्टिंग आहे यावर वाद आहे, पण टीसीच्या लगेच वरच्या पट्ट्यात फेज डळमळतो याबद्दल फारसा वाद नाही.

इथे एक घोटाळा बरेच जण करतात, म्हणून सांगून ठेवतो. अंडरडोप्ड बाजूला टीसीच्या खूप वर, कधी 200 केल्विनच्याही वर, स्यूडोगॅप नावाची गोष्ट सुरू होते. 1989 च्या सुमारास YBCO या दुसऱ्या क्युप्रेटवरच्या एनएमआरमध्ये ती पहिल्यांदा दिसली, नाइट शिफ्ट टीसीच्या बराच आधी कमी व्हायला लागला. याला "आधीच बनलेल्या जोड्या" म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण स्यूडोगॅपचा पूर्ण पल्ला नुसत्या जोड्यांनी समजावता येत नाही, चार्ज ऑर्डर आणि इतरही भानगडी त्याच भागात राहतात. तो फर्मी सरफेसचा मोठा भाग खाऊन टाकतो, आणि उरलेल्या तुकड्यावर सुपरकंडक्टिव्हिटीला भागवावं लागतं. म्हणजे डाव्या उतारावर फेज हे मुख्य कारण, आणि स्पर्धा हे दुसरं.

ही स्पर्धा उघड्या डोळ्यांनी बघायची असेल तर p = 1/8 बघा. La2-xBaxCuO4 मध्ये x = 0.125 ला टीसी खाली कोसळतो, जिथे आजूबाजूला 30 केल्विन आहे तिथे बल्क टीसी 4-5 केल्विन उरतो. पॅराबोला यातलं काही सांगत नाही, तो तिथे गुळगुळीतच जातो. ट्रँक्वाडा आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये न्यूट्रॉनने (निओडिमिअम घातलेल्या LSCO मध्ये) दाखवलं की या डोपिंगला होल पट्ट्यांमध्ये रांगा लावून बसतात, चार्जच्या पट्ट्या दर चार कॉपरला आणि स्पिनचा नमुना दर आठला रिपीट होतो, आणि स्फटिकाची ठेवण या पट्ट्यांना जागेवर खिळवून ठेवते. जास्त रंजक म्हणजे 2007 मध्ये दिसलं की बेरिअमच्या त्या मटेरिअलमध्ये 40 केल्विनच्या आसपास एकेका थरात सुपरकंडक्टिंग लक्षणं येतात, पण थराथरांमधलं कपलिंग जवळपास बंद पडल्यामुळे पूर्ण स्फटिक सुपरकंडक्टर व्हायला फार खाली जावं लागतं. स्ट्रॉन्शिअमच्या LSCO मध्ये ही खाच बरीच उथळ असते, 0.12 च्या आसपास छोटा खड्डा, पण असते. म्हणून कुणी 0.12 चं सॅम्पल पॅराबोलावर बसत नाही म्हणून फेकून देत असेल तर थांबवा त्याला.

आता उजवीकडे. डोपिंग वाढत जातं तसे स्पिनचे शेजारसंबंध सैल होतात, स्यूडोगॅप मिटतो (YBCO च्या हॉल मेजरमेंटमध्ये साधारण p = 0.19 च्या आसपास कॅरिअरची संख्या p वरून 1 + p कडे जाते, 2016 चं काम), आणि मटेरिअल हळूहळू मेटलसारखं वागायला लागतं. ओव्हरडोप्ड थॅलिअम क्युप्रेटमध्ये 2008 मध्ये क्वांटम ऑसिलेशन मोजून एक मोठा, पूर्ण फर्मी सरफेस दाखवला गेला, 1 + p होल असलेला, बँड थिअरी म्हणते तसाच. म्हणजे कॅरिअर मिळाले, पण ज्या मॅग्नेटिक चढउतारांवर जोडी उभी होती ते विरळ झाले, गॅप लहान होत गेला आणि टीसी त्याच्याबरोबर खाली आला. इथे टीसी आणि गॅप बरोबर चालतात, डावीकडे चालत नव्हते, आणि तुमच्या दोन सॅम्पलमधला खरा फरक हाच.

तरी उजवी बाजू पुस्तकी आहे, सुटली, असं समजू नका. ब्रुकहेवनच्या बोझोविच यांनी 2016 मध्ये दोन हजारांवर LSCO च्या थिन फिल्म करून मोजलं तर ओव्हरडोप्ड बाजूलाही टीसी पडतो तशी सुपरफ्लुइड डेन्सिटी पडत जाते, खरं तर कॅरिअर वाढल्यावर ती वाढायला हवी होती. मग बाकीचे इलेक्ट्रॉन कुठे गेले? काहींच्या मते हा डी-वेव्ह सुपरकंडक्टरमधल्या डिसऑर्डरचा नेहमीचा परिणाम आहे, काहींच्या मते तेवढ्याने भागत नाही. माझं मत पहिल्या बाजूला झुकतं, कारण LSCO मध्ये x वाढवणं म्हणजे थराच्या शेजारी यादृच्छिक ठिकाणी स्ट्रॉन्शिअम पेरणंच आहे, पण हा वाद संपलेला नाही एवढं खरं. म्हणून "उजवीकडे जोडी कमजोर, बस" असं कुणी ठामपणे सांगितलं तर ते अर्धं सत्य समजा.

आता तुमच्या पेलेटकडे येतो. वरचा सगळा हिशोब p वर आहे आणि तुम्ही मोजलाय x.

पहिला चोर La2O3. ही पावडर हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ओढते, पूर्ण हायड्रॉक्साइड झालं तर वजन 16 टक्क्यांहून जास्त वाढतं, त्यामुळे उघड्या बाटलीतल्या पावडरमध्ये पाच टक्के पाणी असणं अगदी सहज शक्य आहे. x = 0.22 च्या 0.01 मोल बॅचसाठी 2.900 ग्रॅम La2O3, 0.325 ग्रॅम SrCO3 आणि 0.795 ग्रॅम CuO लागतं. समजा La2O3 मध्ये पाच टक्के पाणी होतं, तर लँथेनम 1.78 ऐवजी 1.691 गेला, स्ट्रॉन्शिअम 0.22 च राहिला, दोन्ही मिळून 1.911. आता स्फटिक बनताना दर कॉपरला ही दोन्ही मिळून दोन लागतात, त्यामुळे खरा x होतो 0.22 × 2 / 1.911, म्हणजे 0.23, आणि साडेचार टक्के कॉपर CuO म्हणून बाहेर उरतो. टीसी 26.7 वरून साडेबावीसवर जातो, म्हणजे चार केल्विनची घसरण, नुसत्या ओल्या पावडरमुळे. गंमत बघा, हीच चूक x = 0.16 ला केली तर टीसी जवळजवळ हलत नाही कारण शिखर सपाट आहे, त्यामुळे ऑप्टिमम सॅम्पल छान आलं म्हणजे पावडर कोरडी होती असं अजिबात ठरत नाही. उपाय साधा आहे: La2O3 वजन करायच्या आधी 900 ते 1000 डिग्रीला रात्रभर भाजायची, गरम असतानाच डेसिकेटरमध्ये न्यायची, निवली की लगेच वजन करायचं. आणि एक्सआरडीत (कॉपर के-अल्फा) 35.5 आणि 38.7 डिग्रीला CuO च्या पीक बघायच्या, दिसल्या तर समजायचं हिशोब चुकलाय.

दुसरा चोर ऑक्सिजन. x वाढला की स्फटिकाला ऑक्सिजन सोडून द्यायला जास्त सोपं जातं, आणि एक ऑक्सिजन गेला की दोन होल भरतात, म्हणजे कमी पडलेला ऑक्सिजन δ धरला तर p = x − 2δ. तुमच्या 0.22 च्या पेलेटमध्ये चारपैकी फक्त 0.01 ऑक्सिजन कमी असेल तर p होतो 0.20 आणि टीसी 27 वरून 33 वर चढतो. हो, ऑक्सिजन घालवून टीसी वाढतो, आणि हाच ओव्हरडोप्ड असल्याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा. टॉरन्स आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये जास्त प्रेशरच्या ऑक्सिजनमध्ये ट्रीट केलेल्या सॅम्पलवर दाखवलं की खरोखरच होल वाढवले तर सुपरकंडक्टिव्हिटी मटेरिअल मेटल असूनही नाहीशी होते. डोमची उजवी बाजू अशी हातात आली, नाहीतर नुसत्या हवेत भाजलेल्या सॅम्पलमध्ये जास्तीच्या स्ट्रॉन्शिअमचा परिणाम ऑक्सिजनची कमतरता झाकून टाकते. तुम्ही सिंटर करून झाल्यावर ऑक्सिजनच्या फ्लोमध्ये 500 डिग्रीच्या आसपास बराच वेळ ठेवून सावकाश थंड केलंय का ते बघा, नसेल केलं तर 0.22 चा आकडा मी तरी धरणार नाही.

p थेट मोजायचा असेल तर आयोडोमेट्री करा, कुठल्याही केमिस्ट्री लॅबमध्ये होते. सॅम्पलचे दोन भाग घ्या. पहिला भाग आधी ॲसिडमध्ये उकळा म्हणजे होल ऑक्सिजन होऊन उडून जातील आणि कॉपर साधा +2 उरेल, मग KI घालून थायोसल्फेटने टायट्रेट करा. दुसरा भाग आर्गॉनखाली KI असलेल्या ॲसिडमध्येच थेट विरघळवा, त्यात होलसुद्धा आयोडीन सोडतात. दुसऱ्याचं दर ग्रॅमला लागलेलं व्हॉल्यूम भागिले पहिल्याचं, म्हणजे 1 + p. 0.10 च्या सॅम्पलला 1.10 आणि 0.22 ला 1.22 यायला हवं. फक्त एक धोका आहे, व्हॉल्यूममधली एक टक्का चूक म्हणजे p मध्ये 0.01 पेक्षा जास्त चूक, आणि तुम्ही जिथे उभे आहात त्या उतारावर 0.01 म्हणजे तीन-चार केल्विन, त्यामुळे एकदा करून थांबू नका. आणि उरलेलं CuO सॅम्पलमध्ये असेल तर तेही कॉपर म्हणून मोजलं जातं आणि p कमी दिसतो, म्हणून आधी एक्सआरडी.

तिसरी गोष्ट, टीसी कुठून वाचला? रेझिस्टन्स जिथून खाली यायला लागतो तो ऑन्सेट धरला असेल तर डोम खोटा सपाट दिसतो. पेलेटमध्ये सगळीकडे p सारखा नसतो, आणि शिखर मध्ये असल्यामुळे 0.22 च्या सॅम्पलमधले जे दाणे चुकून 0.18 चे राहिलेत ते आधी सुपरकंडक्टर होऊन करंटला वाट करून देतात. त्यामुळे मॅग्नेटायझेशन मोजा, कमी फील्डमध्ये, झीरो फील्ड कूल्ड, आणि उतार किती रुंद आहे ते बघा. अर्ध्या उंचीवरचं तापमान आणि ऑन्सेट यात आठ-दहा केल्विनचा फरक असेल तर ते एक सॅम्पल नाही, अनेक डोपिंगचं मिश्रण आहे, मग परत बारीक घोटा, परत भाजा. सिरॅमिकमध्ये घोटून-भाजून तीन-चार वेळा करावंच लागतं, स्ट्रॉन्शिअम आपणहून सगळीकडे पसरत नाही.

आणि कमी टीसी म्हणजे नेहमी डोपिंगचीच चूक असं नसतं. क्युप्रेटमध्ये गॅप डी-वेव्ह आहे, एका दिशेला धन आणि नव्वद अंशावर ऋण, त्यामुळे थरातल्या कॉपरच्या जागी एखादं परकं ॲटम बसलं की इलेक्ट्रॉन धन भागातून ऋण भागात विखुरतो आणि जोडी तुटते, ते ॲटम मॅग्नेटिक नसलं तरी. LSCO मध्ये कॉपरच्या जागी दोन-तीन टक्के झिंक गेलं की सुपरकंडक्टिव्हिटी संपते, p तसाच राहून. म्हणून टायट्रेशनमध्ये 1.16 आलं आणि टीसी तरी 20 असेल तर क्रुसिबल, खल आणि CuO ची शुद्धता तपासा, स्ट्रॉन्शिअमकडे बघू नका.

मग टीसी सारखाच असताना कुठलं सॅम्पल कुठल्या बाजूचं हे कसं कळायचं, समजा लेबलं पुसली गेली तर? रूम टेंपरेचरपासून रेझिस्टिव्हिटी काढा आणि वक्राचा आकार बघा. 0.10 चा आकडा मुळात बराच मोठा येईल आणि टीसी यायच्या आधी वक्र सपाट होईल किंवा किंचित वर वळेल. अशा सॅम्पलची सुपरकंडक्टिव्हिटी 60 टेस्लाच्या पल्स फील्डने मारली तर खाली रेझिस्टिव्हिटी इन्सुलेटरसारखी चढत जाते, अँडो आणि बोबिंगर यांनी 1995 मध्ये हे LSCO वरच दाखवलं. 0.22 चा आकडा लहान येईल, वक्र खाली येताना आतल्या बाजूला बाकदार, T च्या एक आणि दोन यांच्या मधल्या घातासारखा. मधल्या 0.16 ला तो विलक्षण सरळ रेषेत टीसीपर्यंत येतो, आणि तो सरळ का येतो हे या विषयातलं मला सगळ्यात जास्त छळणारं कोडं आहे. पेलेटमध्ये दाण्यांच्या सीमांचा रेझिस्टन्स मिसळतो, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका, आकारावर जा.

शेवटी 38 बद्दल एक गोष्ट, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. शिखर p = 0.16 च्या आसपास बऱ्याच फॅमिलींमध्ये सापडतं पण त्याची उंची फार वेगळी असते: एकच थर असलेल्या मर्क्युरी क्युप्रेटमध्ये 95 केल्विनच्या पुढे, YBCO मध्ये 93, तीन थरांच्या मर्क्युरी क्युप्रेटमध्ये 133 केल्विन. LSCO कमी पडतो त्यात स्ट्रॉन्शिअमचा डिसऑर्डर थराला चिकटून असणं आणि ऑक्सिजनच्या अष्टफलकांचं कलणं या दोन्हीचा हात असल्याचं मानलं जातं. त्यामुळे टॅलनचा फॉर्म्युला वापरताना Tc,max त्याच फॅमिलीचा घ्या, आणि YBCO ला तर x वरून p काढायला अजिबात जाऊ नका, तिथे ऑक्सिजन साखळ्यांमध्ये बसतो, साखळी किती लांब जुळली यावर होल थरात जातात, म्हणून 60 केल्विनला एक पठार येतं आणि तेवढाच ऑक्सिजन असलेलं सॅम्पल रूम टेंपरेचरला काही दिवस ठेवलं तरी टीसी हलू शकतो.

तुम्ही आता एवढं करा: 0.22 च्या पेलेटचा एक तुकडा ऑक्सिजनमध्ये परत ॲनील करा आणि दुसरा आर्गॉनमध्ये 500 डिग्रीच्या खाली, थोडाच वेळ. ऑक्सिजनवाल्याचा टीसी खाली किंवा जागेवर, आर्गॉनवाल्याचा वर, असं आलं तर तो खरोखर उजव्या उतारावर आहे. 0.10 ला हेच केलं तर आर्गॉनमध्ये टीसी खाली जाईल. दोन्ही तुकड्यांचं टायट्रेशन करून 1 + p टाका, मग आकडे पाठवा, पुढचं बघू.